आमच्या ऑफिसचं कार्बनचं बिल

वर्षाचे महिने बारा असले, तरी एका ऑफिसचा वर्षाचा कार्बन फूटप्रिंट काढायला वीजबिलं तेरा लागतात. हे मला कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवलं नव्हतं. बी.ए. इंग्रजी करून लेख लिहिणारी मी, इंदूरच्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात तीन महिन्यांसाठी सस्टेनेबिलिटी इंटर्न म्हणून लागले, तेव्हा माझ्या डोक्यात पोस्टर्स, मोहिमा, फार तर एखादा सुंदरसा अहवाल असलं काहीतरी होतं. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी हातात आला तो एका मोठ्या ग्राहक कंपनीचा फॉर्म. त्यांना आपल्या सगळ्या पुरवठादारांकडून २०२३-२४ या आर्थिक वर्षाची वीज, कचरा आणि त्यातून होणारं उत्सर्जन हवं होतं. बत्तीस माणसांचं ऑफिस, भाड्याचा तिसरा मजला, आणि फॉर्म भरला नाही तर पुढचं काम मिळण्याची खात्री नाही.

आता तेरा बिलांची गोष्ट. आमच्या मीटरचं वाचन दर महिन्याच्या ८ तारखेला होतं. म्हणजे 'एप्रिलचं बिल' म्हणून जे येतं, त्यात ८ मार्च ते ८ एप्रिल एवढी वीज असते. आर्थिक वर्ष मात्र १ एप्रिलला सुरू होतं. त्यामुळे दोन्ही टोकांची बिलं कापून घ्यावी लागतात. २०२३ च्या मार्च-एप्रिलच्या बिलात ३१ दिवसांचे १,५८१ युनिट होते, म्हणजे रोजचे ५१. त्यातले १ ते ७ एप्रिलचे सात दिवस आपले, म्हणून ३५७ युनिट. दुसऱ्या टोकाला, २०२४ च्या मार्च-एप्रिलच्या बिलात रोजचे ४५ युनिट पडत होते. त्यातले ८ ते ३१ मार्चचे चोवीस दिवस आपले, म्हणून १,०८० युनिट. मधली अकरा बिलं पूर्ण घ्यायची.

बिलं अकाउंट्सच्या काकांकडे होती. काका जुन्या इंदुरी मराठी घरातले, टेबलावर लाकडी पट्टी आणि पोह्यांचा डबा. त्यांनी अतिशय नीट ठेवलेली फाइल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "बघ बेटा, बारा महिन्यांचे रुपये आहेत. एकूण काढून ठेवलंय." अडचण नेमकी तिथेच होती. कार्बन रुपयांवरून काढता येत नाही. बिलाच्या रकमेत स्थिर आकार असतो, वीज शुल्क असतं, इंधनाच्या किमतीप्रमाणे दर महिन्याला बदलणारं समायोजन असतं. दर वाढला की वीज तेवढीच वापरूनही रक्कम वाढते. मला हवे होते फक्त युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. काकांनी चश्मा पुसला, प्रत्येक मूळ बिल काढून दिलं आणि स्वतः शेजारी बसून युनिट वाचून दाखवले.

अकरा बिलांचे आकडे एका रांगेत लिहिल्यावर एक विचित्र गोष्ट दिसली. सप्टेंबर आणि ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या दोन्ही बिलांत युनिट अगदी सारखे, १,५१२. आणि त्यानंतर नोव्हेंबरच्या बिलात एकदम १,००३.

ऑफिसात या उताराची आधीच एक गोष्ट तयार झालेली होती. सप्टेंबरच्या शेवटी, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांच्या रात्रीनंतर ऑफिस बंद होतं, तेव्हा सरांनी सगळ्या जुन्या ट्यूबलाइट काढून एलईडी लावल्या होत्या. पुढच्या बिलात युनिट एक तृतीयांशाने उतरले. ही गोष्ट सरांना फार आवडायची. फॉर्ममध्ये 'ऊर्जाबचतीचे उपाय' असा रकाना होता आणि तिथे '३३ टक्के वीजबचत' हे वाक्य माझ्या येण्याआधीच लिहून ठेवलेलं होतं.

पण दोन महिने युनिट अगदी एकसारखे येणं जवळपास अशक्य असतं. महिन्यात सुट्ट्या बदलतात, पाऊस बदलतो, माणसं बदलतात. असे जुळे आकडे दिसले की ते मीटरचे नसून सरासरीचे असण्याची शक्यता जास्त. बिलांवर तशी नोंदही सापडली. त्या दोन महिन्यांत मीटर-खोलीला कुलूप असल्याने वाचन झालं नव्हतं, म्हणून मागच्या वापराच्या सरासरीवर बिल लावलं होतं. नोव्हेंबरमध्ये खरं वाचन झालं, तेव्हा ऑगस्टपासूनचा खरा वापर निघाला ४,०२७ युनिट. त्यातले ३,०२४ आधीच लावून झाले होते. उरले १,००३. म्हणजे नोव्हेंबरच्या बिलातला मोठा उतार हा बहुतांशी मागच्या दोन जास्तीच्या बिलांची वजावट होता.

वर्षाच्या बेरजेला अशा सरासरीच्या बिलांनी धक्का लागत नाही, हे यातलं सुख. पहिलं आणि शेवटचं वाचन खरं असेल तर मधल्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणूनच मी बेरजेची तपासणी मीटरवरूनच केली: ८ एप्रिल २०२३ चं वाचन ४१,२६०, ८ मार्च २०२४ चं ५७,६८०, फरक १६,४२०. अकरा बिलांची बेरीजही तेवढीच आली. दोन टोकं धरून ऑफिसच्या मीटरचे वर्षाचे १७,८५७ युनिट. तुमच्या घरच्या बिलांवरही हा प्रयोग करून बघा, फार वेळ लागत नाही.

मग एलईडीने वाचलं तरी किती? ते बिलावरून काढण्यापेक्षा छताकडे बघून काढणं सोपं होतं. चोवीस ट्यूब होत्या. जुनी ट्यूब ३६ वॅटची, आणि तिचा जुना चोक धरून खर्च सुमारे ५० वॅट. नवीन एलईडी २० वॅटची. म्हणजे एका ट्यूबमागे ३० वॅट, चोवीसांमागे ७२० वॅट. रोज नऊ तास, महिन्याला पंचवीस दिवस. हिशेब १६२ युनिटांवर येतो. पावसाळ्यातल्या खऱ्या वापराच्या तुलनेत ही बचत बारा टक्क्यांच्या आसपास. बारा टक्के काही वाईट नाहीत. पण तेहतीस ऐकायची सवय झालेल्या माणसाला बारा फार लहान वाटतात.

सरांना हे सांगायला जाताना मी कागद घेऊन गेले, भाषण नाही. त्यांनी तिन्ही बिलं शेजारी-शेजारी ठेवली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "पण नोव्हेंबरचं बिल तर खोटं नाही ना?" मी म्हटलं, "सर, बिल खरं आहे. त्यात तीन महिने आहेत, एक नाही." पुढच्या वर्षी तोच फॉर्म पुन्हा येणार, आणि तेव्हा तेहतीस टक्के कुठे गेले हे कोणीतरी विचारणार, हे त्यांना माझ्याआधी कळलं. वाक्य खोडलं गेलं. पण तो दिवस ऑफिसात जरा जडच गेला.

इथपर्यंत सगळे जण खूश होते, कारण १७,८५७ युनिट हा आकडा बत्तीस माणसांच्या ऑफिसला कमीच होता. मला तो फारच कमी वाटला. इंदूरच्या मे महिन्यात दिवसभर एसी चालणाऱ्या मजल्याचं उन्हाळ्याचं बिल पावसाळ्याच्या बिलापेक्षा इतकं थोडंसंच जास्त कसं? उत्तर तळघरात होतं. एसीची बाहेरची यंत्रं आमच्या मीटरवर नव्हतीच. ती इमारतीच्या मालकाच्या पॅनेलवर होती, आणि त्याचे पैसे देखभाल खर्चात जात होते. भाड्याच्या ऑफिसात हे फार होतं. वीज आपण वापरतो, पण बिल आपल्या नावाचं नसतं, म्हणून ती आपल्या हिशेबातून गळते.

मालकाच्या इलेक्ट्रिशियनभैयांकडे एक तेलकट वही होती. त्यात आमच्या मजल्याच्या सबमीटरचं दर महिन्याचं वाचन अगदी नियमित लिहिलेलं. वर्षाचा फरक: ६१२. इतकंच? मीटरवर मात्र एक छोटी पट्टी चिकटवलेली होती, CT 100/5. जास्त प्रवाहाची तार थेट मीटरमधून नेत नाहीत. तिच्याभोवती एक कडं बसवतात, त्याला सीटी म्हणतात. १०० अँपियरचा प्रवाह ते कडं ५ अँपियर करून मीटरला दाखवतं. म्हणजे मीटर खऱ्या विजेचा विसावा भाग मोजतो, आणि वाचनाला वीसने गुणावं लागतं. ६१२ चे होतात १२,२४० युनिट.

पण इथे आणखी एक खाचखळगा आहे. काही मीटरांमध्ये हा गुणक आतच भरलेला असतो आणि पडद्यावर आधीच गुणलेला आकडा दिसतो. अशा मीटरला परत वीसने गुणलं तर हिशेब वीसपट फुगतो. नुसत्या पट्टीवर विश्वास ठेवून चालत नाही. फेब्रुवारी संपता संपता एका दुपारी मी भैयांना सगळे एसी तासभर चालू ठेवायला सांगितलं आणि मीटरसमोर बसले. तासात वाचन अर्ध्याने सरकलं, फक्त ०.५. यंत्रांच्या पाट्यांवर लिहिलेला एकूण भार १२ किलोवॅटच्या आसपास होता. एवढी यंत्रं तासाला अर्धा युनिट खाणं शक्यच नाही. अर्ध्याला वीसने गुणलं की होतात दहा युनिट, आणि ते पटण्यासारखं आहे. दुसरी खात्री अशी, की तासाला दहा या हिशेबाने १२,२४० युनिट म्हणजे वर्षाला साधारण १,२२४ तास. उन्हाळा आणि पावसानंतरची उकाड्याची झळ धरून रोज आठ तास दीडशे दिवस. इंदूरला हे बरोबर बसतं.

भैया म्हणाले, "मॅडम, हम तो पाँच साल से यही लिख रहे हैं, किसी ने पूछा ही नहीं." मग त्यांनी खिशातून मार्कर काढला आणि मीटरच्या दारावर मोठ्या अक्षरात '× 20' लिहून टाकलं.

आता एकूण ३०,०९७ युनिट. याला गुणायचं एका आकड्याने, ज्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. एक युनिट वीज ग्रिडवर येईपर्यंत किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, तो हा आकडा. आपल्याकडे तो केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी जाहीर करतं. २०२३-२४ साठी तो ०.७२७ किलो आहे. मध्य प्रदेशाचा वेगळा आकडा का नाही, असं काकांनी विचारलं. २०१३ च्या डिसेंबरअखेर दक्षिणेचं ग्रिडही जोडलं गेलं आणि देशभर एकच ग्रिड झालं. माझ्या दिव्यातली वीज कोणत्या वीजकेंद्रातून आली हे वेगळं काढता येत नाही, म्हणून सगळ्या देशासाठी एकच सरासरी धरतात.

वर्ष आणि गुणांक यांची जोडी मात्र जुळायला हवी. इंटरनेटवर अजून ०.८२ हा जुना आकडा फिरत असतो. एका वर्षी तो वापरला आणि पुढच्या वर्षी ०.७२७, तर एक बल्ब न विझवता ऑफिसचं उत्सर्जन अकरा टक्क्यांनी कमी झालेलं दिसेल.

३०,०९७ × ०.७२७ = २१,८८० किलो, म्हणजे २१.९ टन. सबमीटरचा वीसचा गुणक विसरला असता तर उत्तर १३.४ टन आलं असतं. साडेआठ टनांचा फरक, एका चिकटपट्टीवरच्या आकड्याने.

कचऱ्याचं काम मला सोपं वाटलं होतं. विजेला निदान मीटर आहे, कचऱ्याला काहीच नाही. इंदूरची पिवळी गाडी रोज सकाळी गाणं वाजवत येते, वेगवेगळा केलेला कचरा वेगवेगळ्या कप्प्यांत घेऊन जाते, पण वजनाची पावती देत नाही. त्यामुळे आपणच मोजायचं. मी एक लटकता डिजिटल काटा घेतला आणि दोन आठवडे, सोमवार ते शनिवार, संध्याकाळी प्रत्येक डबा मोजायचं ठरवलं. एकाच दिवसाचं वजन घेऊन त्याला तीनशेने गुणणं फसवं असतं, कारण शनिवारी अर्धी माणसं असतात आणि कोणाचा वाढदिवस असला की केकच्या खोक्यांनी डबा भरतो. ओल्याचं आणि कोरड्याचं वजन वेगळं, रिकाम्या पिशवीचं वजन वजा, आणि चहाचा चोथा निथळल्यावरच. न निथळलेल्या चोथ्यात पाण्याचंच वजन जास्त असतं.

पहिल्याच संध्याकाळी सफाई करणाऱ्या दीदींनी काटा पाहिला आणि त्या गप्प झाल्या. दुसऱ्या दिवशी रद्दीचा ढीग जागेवर नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. डिझाइनच्या ऑफिसात कागद, पुठ्ठे, मोठे ड्रॉइंग एवढे निघतात की रद्दी शून्य येणं शक्य नव्हतं. मी चहा घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी सरळच सांगितलं, "दीदी, आज तौलोगे, कल पैसे गिनोगे."

खरं होतं ते. ऑफिसची रद्दी गेली कित्येक वर्षं त्या विकत होत्या. महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास मिळत. कोणी कधी लेखी परवानगी दिली नव्हती आणि कोणी कधी अडवलंही नव्हतं. माझ्या काट्याने ती न बोललेली व्यवस्था एकदम उजेडात येणार होती. आणि भीती खोटीही नव्हती. फॉर्ममध्ये 'पुनर्वापरासाठी विकलेला माल' आणि त्यापुढे 'मिळालेलं उत्पन्न' असे दोन रकाने होतेच. मॅनेजर सरांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "रद्दी तर ऑफिसचीच आहे. उत्पन्न दाखवायला काय हरकत?"

मी त्यांना फक्त आकडे दाखवले. ऑफिसच्या उलाढालीत महिन्याचे चारशे रुपये कुठेही दिसत नाहीत. पण ते काढून घेतले तर रद्दी वेगळी करण्याचं कामही थांबेल, कागद ओल्या कचऱ्याला चिकटून जाईल, आणि आज जो माल खरंच पुनर्वापराला जातो तो जाणार नाही. अखेर सरांनी एका ओळीचा मेल लिहिला: रद्दीची विक्री सफाई कर्मचाऱ्यांची, ऑफिस फक्त वजन नोंदवेल. उत्पन्नाच्या रकान्यात आम्ही 'ऑफिसला नाही' असं लिहिलं. मेल मी दीदींना हिंदीत वाचून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचायला लावला.

त्यानंतर त्यांनी डब्यातून रद्दीवाल्याच्या नऊ महिन्यांच्या चिठ्ठ्या काढून दिल्या. एकूण ३०६ किलो, महिन्याला ३४. माझ्या दोन आठवड्यांच्या मोजणीपेक्षा हा किती तरी भक्कम आकडा होता.

ओला कचरा निघाला बारा दिवसांत २५.२ किलो, रोजचा २.१. तीनशे दिवसांचा ६३०. आता हा कचरा जातो कुठे यावर सगळं अवलंबून. अन्न कचराडेपोत गाडलं गेलं की हवा न मिळाल्याने कुजून मिथेन सोडतं. ब्रिटिश सरकारच्या २०२३ च्या गुणांकांत गाडलेल्या अन्नकचऱ्याला टनामागे ७०० किलोच्या आसपास धरलं आहे, आणि बंद टाकीत कुजवून गॅस काढला तर फक्त ९ च्या आसपास. इंदूरचा ओला कचरा देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्रकल्पात जातो. रोज ५५० टनांची क्षमता, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालेला. म्हणजे आमचे ६३० किलो एका हिशेबाने ४४१ किलो उत्सर्जन, दुसऱ्या हिशेबाने सहा किलोसुद्धा नाही. त्या ९ च्या आकड्यात बहुतेक कचऱ्याच्या वाहतुकीचाच वाटा असतो. गॅसचं पुढचं उत्सर्जन तो वापरणाऱ्याच्या नावे जातं. हे मी टिपेत लिहिलं. कचऱ्याची मोजणी २०२५ ची आहे आणि ती मागच्या वर्षाला लावली आहे, हेही लिहिलं.

विजेच्या २१.९ टनांपुढे कचरा कोणत्याही हिशेबाने साधारण दोन टक्क्यांच्या पुढे जात नव्हता. दोन आठवडे हात धुऊन धुऊन कोरडे झालेली मी ते बघून जरा हिरमुसलेच. आमच्या ऑफिसात कार्बन कमी करायचा असेल तर केळीच्या सालींपेक्षा तळघरातल्या त्या सबमीटरकडे बघावं लागेल, एवढं मात्र स्पष्ट झालं. एसी दोन अंशांनी वर ठेवायचा की नाही, यावर ऑफिसच्या ग्रुपवर अजून भांडणं चालू आहेत.

फॉर्म मुदतीत गेला. माझे तीन महिने संपले तेव्हा मी काटा ऑफिसातच ठेवला. मागच्या महिन्यात काकांचा फोन आला होता, कसल्याशा फाइलसाठी. बोलता बोलता म्हणाले, दीदी आता रद्दी आधी आपल्या काट्यावर मोजतात आणि मगच रद्दीवाल्याला देतात. पहिल्याच वेळी त्याचा काटा दीड किलो कमी दाखवत होता.